‘आधी मोजा, मग बोला’: आवडत्या वाक्याची लिंक्डइन हेडलाइन कशी करावी

माझी मावसबहीण चाकणला ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात सप्लायर क्वालिटी बघते. तिचं एक वाक्य तिथे सगळ्यांना पाठ आहे: ‘आधी मोजा, मग बोला.’ नोकरी बदलायचं ठरल्यावर तिने लिंक्डइनच्या हेडलाइनमध्ये तेच टाकलं, मागे ‘पॅशनेट क्वालिटी लीडर’ जोडलं आणि मला विचारलं, “दादा, जरा जास्त होतंय का रे?”

होत होतं. पण नेमकं कुठे, हे सापडायला कोथरूडच्या घरी चहाच्या दोन फेऱ्या झाल्या.

पहिली गोष्ट क्रियापदाची. ‘मोजा’, ‘बोला’ हे आज्ञार्थ. पुणेरी पाटीला तो शोभतो, कारण पाटी समोरच्याने काय करायचं तेच सांगते. हेडलाइन वाचणाऱ्याला मात्र ही बाई काय करते ते हवं असतं. त्याला आज्ञा केली की आपण उपदेशकाच्या खुर्चीत बसतो, आणि बढाईचा वास बऱ्याचदा तिथूनच येतो. म्हणून आधी वाक्य स्वतःकडे वळवा: ‘आधी मोजते, मग बोलते.’

एवढ्याने भागत नाही. हे वाक्य शिंप्यालाही चालेल. त्यात तुमचं काम आणायचं तर एक प्रसंग शोधावा लागतो. मी तिला विचारलं, “या वाक्याने शेवटचं काम कधी केलं?” तिने लगेच सांगितलं. भोसरीच्या एका सप्लायरचे बुश इनवर्ड तपासणीत रिजेक्ट होत होते. बोअर म्हणजे आतलं भोक मोठं, जो नो-गो गेज त्यात शिरायला नको तो आत जातोय. लॉट परत पाठवायची तयारी झाली होती. हिने थांबवून काही नग बोअर गेजवर मोजायला लावले, तर माप ड्रॉइंगप्रमाणे बरोबर. झिजला होता आपला नो-गो प्लग गेज. तो झिजून बारीक होतो, मग चांगल्या भोकातही शिरतो आणि चांगला माल बाद ठरतो.

म्हणजे तिच्या वाक्याचा खरा अर्थ ‘मोजा’ एवढाच नाही. सप्लायरला दोष देण्याआधी ती स्वतःच्या कारखान्याचं मोजमाप तपासते. हेच तिचं वेगळेपण, आणि ते मूळ वाक्यात कुठेच दिसत नव्हतं.

आता मांडणी. हेडलाइनला 220 अक्षरांची मर्यादा आहे, पण कमेंटखाली किंवा शोधाच्या यादीत, विशेषतः मोबाइलवर, ती बरीच आधी तुटते. म्हणून पदाचं नाव पहिलं, आणि ते इंग्रजी लिपीत. भरती करणारे तसंच टाइप करून शोधतात. त्यानंतर प्रसंगातून निघालेलं वाक्य, शेवटी कामाचे एक-दोन शब्द. तिची हेडलाइन अशी झाली (इथे देवनागरीत देतो):

‘सप्लायर क्वालिटी इंजिनिअर, ऑटो पार्ट्स | रिजेक्शनच्या वादात आधी आपला गेज तपासते, मग सप्लायरचा माल | एमएसए, पीपीएपी’

‘आधी… मग…’ ही तिच्या बोलण्यातली लय राहिली, आज्ञा गेली.

‘पॅशनेट’ आणि ‘लीडर’ यांचं काय? प्रत्येक विशेषण उलटं करून बघा. ‘निरुत्साही इंजिनिअर’ असं कुणी लिहील का? नाही. मग ‘पॅशनेट’ने काहीच कळत नाही, खोडा. ‘लीडर’चा उलटा अर्थ निघतो, पण हाताखाली माणसं नसताना तो पहिल्याच मुलाखतीत उघडा पडतो. याउलट ‘आधी आपला गेज तपासते’ याचं उलटं करणारे पुष्कळ असतात. म्हणूनच ते लिहिण्यात अर्थ आहे.

तिला आकडाही घालायचा होता: रिजेक्शन निम्म्यावर आलं. मी नको म्हटलं. आकडा चार जणांच्या टीमचा होता आणि हेडलाइनमध्ये ‘आम्ही’ला जागा नसते. तो अनुभवाच्या रकान्यात गेला, ‘टीमसोबत’ या शब्दासकट. आकडा एकट्याचा असेल आणि कंपनीची हरकत नसेल तर हेडलाइनमध्ये जरूर घाला, फक्त तो शिळा झाला की बदला. मूळ वाक्य टाकून द्यायला तिचा जीव होईना. ते ‘अबाउट’च्या पहिल्या ओळीत ठेवलं, खाली बुशची गोष्ट, सप्लायरचं नाव वगळून. गोष्ट सोबत असली की तेच वाक्य उपदेशासारखं वाटत नाही.

शेवटची चाचणी सोपी, पण लोक टाळतात. प्रसंगाच्या वेळी हजर असलेल्या माणसाला हेडलाइन वाचून दाखवा. नुसतं ‘छान’ म्हणणारा उपयोगाचा नाही. कुठे खटकतं ते विचारा. तिने ती इनवर्डच्या इन्स्पेक्टरला पाठवली. दुपारी उत्तर आलं: “बरोबर आहे मॅडम. पण तो गेज कपाटातून काढून मीच दिला होता.”

‘अबाउट’मध्ये एक ओळ वाढली.