संत्र्याचे खड्डे घेण्याआधी: मृदा नकाशा आणि जमिनीचा वर्ग कसा वाचावा

काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या पट्ट्यात मे महिन्यात नव्या बागेची आखणी सुरू होते. शेताचा कोणता तुकडा संत्र्याला द्यायचा हे बहुतेकदा विहिरीच्या जवळिकीवरून किंवा 'माती भारी आहे' एवढ्यावरून ठरते. बाग चार-पाच वर्षांची झाली की काही ओळी पिवळ्या पडतात, खोडातून डिंक वाहू लागतो, आणि दोष खताला किंवा कलमाला दिला जातो. खरे कारण बऱ्याचदा दोन-अडीच फूट खाली असते. लागवडीआधी ते दिसू शकते. त्यासाठी मृदा नकाशा, जमिनीचा क्षमता वर्ग आणि स्वतःच्या शेतात पाहणीसाठी घेतलेला खड्डा या तिन्ही गोष्टी एकत्र वाचाव्या लागतात.

आधी एक गोंधळ दूर करू. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग १' किंवा 'वर्ग २' लिहिलेले असते. तो जमिनीच्या मालकीहक्काचा प्रकार आहे, मातीशी त्याचा काही संबंध नाही. इथे ज्या वर्गाबद्दल बोलत आहोत तो मृदा सर्वेक्षणातला आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने बसवलेल्या या पद्धतीत जमिनीचे आठ वर्ग असतात आणि ते रोमन आकड्यांत लिहितात. पहिले चार नांगरटीच्या पिकांना चालतात. पाचव्यापासून पुढच्या जमिनी गवत, झाडोरा, चराई आणि जंगलासाठी ठेवायच्या. वर्ग जसा वाढतो तसा मातीवरचा निर्बंध वाढतो.

आकड्याशेजारचे छोटे अक्षर आकड्याइतकेच कामाचे आहे. e म्हणजे धूप, w म्हणजे ओल किंवा निचऱ्याची अडचण, s म्हणजे मातीतलाच दोष (उथळपणा, दगडगोटे, चुनखडी, क्षार) आणि c म्हणजे हवामान. IIIe म्हणजे धूप रोखली तर चांगली चालणारी तिसऱ्या वर्गाची जमीन. IIw म्हणजे दुसऱ्या वर्गाची, पण पाणी तुंबणारी. वर्ग ठरवताना गुणांची सरासरी काढत नाहीत, सगळ्यात वाईट गुण वर्ग ठरवतो. माती उत्तम, उतार सौम्य, पण खोली वीतभरच असेल, तर त्या वीतभर खोलीवरच वर्ग ठरतो.

आता नकाशा. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्थेचे मुख्यालय नागपूरलाच आहे. तिचे राज्यवार मृदा नकाशे १:२,५०,००० या प्रमाणाचे आहेत. त्यात एक सेंटीमीटर म्हणजे अडीच किलोमीटर, आणि एक चौरस सेंटीमीटरात ६२५ हेक्टर जमीन बसते. तुमचे दहा एकर त्यावर दाण्याएवढेही दिसत नाहीत. शिवाय नकाशावरचा एक रंग म्हणजे एकच माती असेही नाही. सूचीत बहुतेक वेळा दोन-तीन माती एकत्र दिलेल्या असतात: मुख्य माती अमुक, तिच्यासोबत तमुक. असा नकाशा जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या नियोजनाला योग्य आहे, बागेची ओळ आखायला नाही. १:१०,००० प्रमाणाच्या सविस्तर नकाशात मात्र एक चौरस सेंटीमीटर म्हणजे एक हेक्टर, तो शेतापर्यंत पोचतो. तुमच्या गावाचे असे सर्वेक्षण झाले आहे का, हे सहायक कृषी अधिकाऱ्याकडे किंवा पाणलोटाचे काम झाले असेल तर त्या आराखड्यात विचारा. नकाशा हातात आला की आधी त्याचे प्रमाण पाहा, मग सूची वाचा. खोली आणि उताराची सांकेतिक अक्षरे प्रत्येक सर्वेक्षणात सारखीच असतील असे धरू नका.

नकाशा मोठ्या प्रमाणाचा नसला तरी त्याचा एक उपयोग होतो. पाहणीचे खड्डे कुठे घ्यायचे ते तो सांगतो. बेसाल्टच्या मुलखात माती उतारासोबत बदलते: माथ्यावर उथळ मुरमाड, मधल्या उतारावर मध्यम, नाल्याकाठी खोल काळी. सूचीत या तिन्ही मातींची नोंद असेल तर तुमच्या शेतातही त्या बहुधा याच क्रमाने उतरत असतील. म्हणून किमान तीन खड्डे घ्या: वर, मध्ये आणि खाली.

खड्डा मेमध्येच घ्यावा. भेगा तेव्हा उघड्या असतात, त्यांची खोली मोजता येते, आणि पावसाआधी तो बुजवताही येतो. एक मीटर लांब-रुंद आणि दीड मीटर खोल पुरतो. एका बाजूने पायऱ्या ठेवा आणि उन्हाकडची भिंत पाहणीसाठी सरळ कापा. भेगाळलेल्या काळ्या मातीची भिंत अचानक कोसळते, म्हणून एकट्याने खाली उतरू नका आणि रात्री खड्डा उघडा ठेवू नका.

भिंतीवर सुरीने वरून खाली खरवडत या. मधल्या उतारावरच्या चांगल्या खड्ड्यात मातीचे ढेकूळ हाताने फुटते, मुळांच्या बारीक नळ्या खालपर्यंत दिसतात, आणि शेवटी पिवळसर मुरूम लागतो. तो बोटाने कुस्करला जातो. हा कच्चा मुरूम संत्र्याचा मित्र आहे, कारण जादा पाणी त्यातून निघून जाते. पहारीला टणत्कार देणारा कातळ लागला तर तिथेच मुळांची हद्द संपली. नाल्याकाठच्या खड्ड्यात चित्र वेगळे असते. ढेकळावर तिरके, घासून चकचकीत झालेले पृष्ठ दिसते. माती भिजताना फुगून आणि सुकताना आकसून एकमेकींवर घासली गेल्याची ती खूण आहे. त्यात पांढरे खडे दिसले तर ते चुनखडीचे आहेत का ते पाहा. १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन-तीन थेंब टाकल्यावर फेस आला तर चुना आहे. कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत ही चाचणी करून मिळू शकते. घरी करायची तर हातमोजे आणि चष्मा घालूनच. टणक खड्यांपेक्षा मातीत पिठासारखा मिसळलेला चुना जास्त त्रास देतो. संत्र्याची नवी पाने शिरा हिरव्या ठेवून मधे पिवळी पडतात ती त्यानेच.

फेसावरून टक्केवारी कळत नाही, त्यासाठी नमुने पाठवा. नेहमीच्या माती परीक्षणाचा नमुना वरच्या थराचा असतो, बागेला तो पुरत नाही. ०–३०, ३०–६० आणि ६०–९० सेंटीमीटर असे तीन थर वेगळे घ्या, प्रत्येकी अर्धा किलो, आणि ते एकमेकांत मिसळू नका. सामू, क्षारता, मुक्त चुना आणि विनिमयक्षम सोडियम तपासून मागा. मुक्त चुना १० टक्क्यांच्या वर असलेल्या जमिनीत संत्रा लावू नये.

निचऱ्याच्या चाचणीत एक फसगत हमखास होते. मेमध्ये काळ्या मातीच्या खड्ड्यात पाणी ओतले की भेगा ते गटागट पितात आणि निचरा उत्तम आहे असे वाटते. भेगा मिटल्यावर तीच माती पाणी धरून बसते. म्हणून ६० सेंटीमीटर खोल, फूटभर रुंद खड्डा एकदा भरा, रात्रभर जिरू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि मोजणी या दुसऱ्या भरण्याची करा. त्यानंतरच्या सकाळीही पाणी बऱ्याच अंशी तसेच असेल, तर पावसाळ्यात त्या जागी संत्र्याची मुळे पाण्याखाली राहतील. डिंक्या आणि मूळकूज तिथूनच सुरू होतात.

आता हे सगळे एका शेतावर लावून पाहू. धरा, ४ हेक्टर शेत आहे, माथ्यापासून नाल्यापर्यंत ४०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद. राज्याच्या नकाशावर ही लांबी दीड मिलिमीटर भरते आणि सगळे एका रंगात जाते. उतार मोजायला प्लंबरची पाण्याची नळी पुरते. ३० मीटरवर दोन काठ्या धरून उंचीतला फरक मोजायचा, अंतराने भागायचा आणि शंभराने गुणायचा. वरच्या एका हेक्टरात फरक १८० सेंटीमीटर आला, म्हणजे उतार ६ टक्के. माती २० सेंटीमीटर, गोटे भरपूर. हा IVes. मधल्या १.६ हेक्टरात फरक १०५ सेंटीमीटर, उतार ३.५ टक्के, माती ९५ सेंटीमीटर, खाली कच्चा मुरूम, पण वरचा थर काही ठिकाणी वाहून गेलेला. हा IIIe. खालचा १.४ हेक्टर जवळजवळ सपाट, माती दीड मीटरच्या पुढे, दुसऱ्यांदा भरलेले पाणी पुढच्या सकाळपर्यंत उभे. हा IIw.

आकडा पाहून कोणीही संत्रा खाली लावेल. दुसरा वर्ग, खोल माती, विहीर जवळ. पण वर्ग हा नांगरटीच्या सर्वसाधारण पिकांसाठीचा निर्बंध सांगतो, एका ठरावीक पिकाला जमीन मानवते की नाही ते तो सांगत नाही. कपाशी, तूर, सोयाबीन या हंगामी पिकांना नाल्याकाठची जमीन खरोखर चांगली आहे. तिथे रुंद वरंबा-सरी काढून सरीचे तोंड नाल्याकडे सोडले की w ची अडचण बरीच कमी होते. संत्र्याला पंधरा-वीस वर्षे त्याच जागी उभे राहायचे आहे, त्याला e परवडतो, w परवडत नाही. धूप बांधाने रोखता येते. दीड मीटर चिकणमातीचा निचरा सुधारणे खर्चाचे आहे, आणि नाल्याची पातळीच वर असेल तर चर काढूनही पाणी जाणार नाही. म्हणून बाग मधल्या तुकड्यात, ओळी उताराला आडव्या, ६ × ६ मीटरवर. माथ्यावरचे पाणी बागेत शिरू नये म्हणून वरच्या सीमेवर वळण बांध काढून ते बाजूच्या गवताळ वाटेने नाल्यात सोडा.

मधला आणि खालचा तुकडा कुठे वेगळा होतो, ती रेष जमिनीवर दिसत नाही, माती हळूहळू खोल होत जाते. त्या पट्ट्यात दर २० मीटरवर ऑगरने किंवा पहारीने भोक घ्या. १२० सेंटीमीटरपर्यंत मुरूम लागला नाही की बागेची हद्द तिथे थांबवा आणि शेवटची एक ओळ सोडून द्या. पहिली मरणारी झाडे याच ओळीतली असतात.

वरच्या हेक्टरावर तलावाचा गाळ टाकून खोली वाढवावी असे वाटते. तसे करता येते, पण ६ टक्के उतारावर आधी समतल बांध हवेत, नाहीतर पहिल्या दोन जोरदार पावसांत गाळ खाली वाहून जाईल. गाळ नसेल तर तिथे सीताफळ, आवळा आणि मधे चाऱ्याचे गवत हेच त्या मातीला झेपते. कपाशी लावलीच, तर सप्टेंबरात पावसाने पंधरा दिवस ओढ देताच ती आधी तिथे सुकेल. २० सेंटीमीटर मातीत त्याहून जास्त दिवसांचे पाणी मावत नाही.

खड्डे बुजवताना मुरूम खाली आणि काळी माती वर, याच क्रमाने भरा. तिन्ही खड्ड्यांची खोली, उतार आणि दुसऱ्या पाण्याला लागलेला वेळ गटाच्या नकाशाच्या प्रतीवर जागच्या जागी लिहून ठेवा. कलमांची मागणी नोंदवताना तो कागद सोबत असू द्या, कारण झाडांची संख्या आता पूर्ण ४ हेक्टरांवर काढायची नाही. १.६ हेक्टरात ६ × ६ मीटरने साधारण ४४० कलमे बसतात, शेवटची ओळ सोडली तर त्याहून पंधरा-सोळा कमी.