जुन्या गिऱ्हाइकाला बाकीची चिठ्ठी पुन्हा लिहिण्याआधी

पहिली चिठ्ठी बहुतेक टेलर अशीच लिहितात: "आपली बाकी रु. 10,930 थकली आहे. आठ दिवसांत भरावी, अन्यथा पुढील काम घेतले जाणार नाही." घरातल्या तीन पिढ्यांचे ब्लाउज ज्यांनी आपल्याकडे शिवले, त्या वहिनींच्या हातात असा कागद पडला तर पैसे लांबच राहतात, त्या दुकानासमोरून जायचंही टाळायला लागतात. चिठ्ठी बदलायलाच हवी. पण गोड शब्द शोधत बसण्याआधी थोडी तयारी लागते, आणि ती दुकानातल्या वह्यांमध्येच असते.

आधी बिलबुक काढा आणि रक्कम पुन्हा मांडा. मुलीच्या लग्नाची ऑर्डर धरू. कपडे फेब्रुवारी 2024 मध्ये दिले. अस्तराचे 9 ब्लाउज, प्रत्येकी 650 प्रमाणे 5,850. आरीकामाचे 3 ब्लाउज, कामासकट प्रत्येकी 3,200, म्हणजे 9,600. 14 साड्यांचं पिको-फॉल 120 प्रमाणे 1,680. एक शिवलेली नऊवारी 1,800. एकूण 18,930. ऑर्डर देताना 5,000 आले, दिवाळीत 3,000 आले, बाकी 10,930. हा हिशोब चिठ्ठीसोबत वेगळ्या कागदावर द्यायचा. लग्नघरात खर्च चार जणांच्या हातून होतो. वहिनींना वाटत असतं की पैसे दादांनी दिले, दादांना वाटतं वहिनींनी. नुसता मोठा आकडा समोर आला की माणूस बिचकतो, ओळींनी मांडलेला हिशोब मात्र वाचतो.

त्याच पानावर, फक्त आपल्यासाठी, रोख बाहेर किती गेली तेही लिहून ठेवा. आरीच्या कारागिराला ब्लाउजमागे 2,400 प्रमाणे 7,200 तेव्हाच दिले असतील, तर हाती आलेल्या 8,000 मधून सगळ्या शिलाईला आणि अस्तराला मिळून 800 उरले. चिठ्ठीत सांगण्यासारखं खरं कारण हेच आहे. "मला अडचण आहे" यापेक्षा "कारागिराचे पैसे मी तेव्हाच चुकते केले" हे समोरच्याला लगेच पटतं, आणि त्यात रडगाणंही नसतं.

आता मापाची वही. या तयारीतलं सर्वांत महत्त्वाचं काम इथे आहे, आणि नेमकं तेच राहून जातं. जुनं गिऱ्हाईक मोठी रक्कम अडवतं तेव्हा पुष्कळदा मागे न बोललेली तक्रार असते. नवीन माणूस काउंटरवर भांडून मोकळा होतो. जुन्या माणसाला तोंडावर बोलणं जड जातं. वहिनींच्या पानाच्या कोपऱ्यात "आरी ब्लाउज, उजवा मुंढा घट्ट, अर्धा इंच सोडणे" अशी ओळ आहे आणि पुढे "झाले" अशी खूण नाही, तर बाकीचं कारण बहुधा तिथेच सापडेल. तो ब्लाउज परत आलाच नाही, म्हणजे तो कपाटात तसाच पडून आहे.

दुरुस्तीचा शब्द देण्याआधी ती होण्यासारखी आहे का हे पाहून घ्या. साध्या ब्लाउजची बाजूची शिलाई उसवून आतली माया सोडली की काम झालं. आरीचं काम मात्र कापड कापण्याआधी आखणीवर होतं आणि शिलाईच्या रेषेपाशी थांबतं. माया सोडली की तेवढी पट्टी कोरी दिसते. काखेत अर्धा इंच कोरा राहिला तर हात खाली असताना दिसत नाही, तेवढं जमतं. बाहीच्या काठावरची बॉर्डर तुटली तर मात्र डोळ्यात भरते. तिथे कारागिराकडून जोडकाम करून घ्यावं लागेल आणि त्याचा खर्च आपल्याला सोसायचा आहे का, हे आधी ठरवावं. काही सूट द्यायची असेल तर तीही आजच ठरवून हिशोबाच्या कागदावर आकड्यात लिहा. "थोडंफार बघू" असं लिहिलं की पुढची बोलणी त्यावरच अडतात.

धमकीची ओळ काढताना कायद्याचीही जाण असू द्या. भारतीय करार कायद्याच्या (1872) कलम 170 मध्ये टेलरचंच उदाहरण दिलं आहे: शिवलेल्या कपड्याची मजुरी मिळेपर्यंत तो कपडा ठेवून घेता येतो, पण तयार होताच देण्याचं कबूल करून उधारीची मुदत दिली असेल तर नाही. लग्नाचे कपडे देऊन झालेत, तो हक्क संपला. वहिनींनी नंतर टाकलेले नवे ब्लाउजपीस जुन्या बाकीसाठी अडवून ठेवणंही या कलमात बसत नाही. त्यांच्यावर हक्क फक्त त्यांच्याच शिलाईपुरता.

मुदतीचा कायदा (1963) मात्र लक्षात ठेवायचा. पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल तर काम झाल्यापासून साधारण 3 वर्षं मिळतात, म्हणजे इथे फेब्रुवारी 2027 पर्यंत. आपण कितीही आठवणी पाठवल्या तरी ही मुदत वाढत नाही. ती संपायच्या आत गिऱ्हाइकाने सही करून बाकी मान्य केली, किंवा भरलेल्या हप्त्याची नोंद स्वतःच्या हाताने वा सहीने केली, तर तिथून नव्याने मोजली जाते. कोर्टात जायचा विचार नसला तरी चिठ्ठी कितीही मायेची असो, तारीख आणि रक्कम तिच्यात स्पष्ट असावी.

पाठवण्याचा दिवस महिन्याच्या पहिल्या आठवड्यातला निवडा, पगार-पेन्शन झाल्यानंतरचा. गौरी-गणपती किंवा दिवाळीच्या तोंडावर नको. दिवेलागणीला घरातून पैसे काढायचे नाहीत असं पाळणारी घरं आहेत, तेव्हा सकाळी द्या. बंद पाकिटात आणि वहिनींच्याच हातात. शेजारणीकडे, मुलाकडे किंवा सोसायटीच्या ग्रुपवर कधीच नाही.

एवढं हाताशी असलं की चिठ्ठी फार वेळ घेत नाही:

"सौ. वहिनींना नमस्कार. लेक सासरी रमली असेल. तिच्या लग्नाच्या कपड्यांचा हिशोब सोबत दिला आहे, एकदा दादांसोबत बघून घ्या. एकूण 18,930 पैकी 8,000 मिळाले, 10,930 बाकी आहेत. आरीकामाचे पैसे मी कारागिराला तेव्हाच दिले, म्हणून आठवण करते आहे. वहीत एका ब्लाउजचा उजवा मुंढा घट्ट असल्याची नोंद आहे. तो घेऊन या, काखेत सोडून देते, त्याचे पैसे नाहीत. आणखी काही मनासारखं झालं नसेल तर मोकळेपणाने सांगा. एकदम जमत नसेल तर या महिन्यात 4,000, पुढच्या महिन्यात 4,000 आणि तिसऱ्या महिन्यात 2,930 असं केलं तरी चालेल. कसं सोयीचं ते येत्या रविवारपर्यंत कळवा."

वहिनी आल्या तर आधी ब्लाउज बघायचा, मग पैशांचं बोलायचं. हप्ता मिळाला की बिलबुकात रक्कम, तारीख आणि उरलेली बाकी लिहून शेजारी त्यांची सही घ्या आणि त्यांच्या कागदावर आपली करा. रविवार उलटून गेला तर दुसरी चिठ्ठी पाठवू नका. दुपारच्या निवांत वेळी फोन करून ब्लाउज कधी आणताय, एवढंच विचारा.