परदेशातल्या घरच्यांशी कॉल ठरवताना या चुका टाळा

15 मार्च 2026, पाडव्याच्या आधीचा रविवार. आई सकाळी सातला चहाचा कप घेऊन, फोन स्टीलच्या डब्याला टेकवून बसली होती. दर रविवारी याच वेळी न्यू जर्सीहून ताई आणि मेलबर्नहून दादा कॉलवर येतात. साडेसात वाजले तरी कोणी आलं नाही. मग कळलं, की कॉल सहालाच होऊन गेला. तेव्हा आई आंघोळीला गेली होती आणि फोन चार्जिंगला होता. वेळ जुळवायचं काम आम्ही शेड्युलिंग असिस्टंटवर सोपवलं होतं. त्याला जे सांगितलं होतं तेच त्याने केलं. चूक आमच्या सांगण्यात होती.

जानेवारीत ताईने त्याला तिच्या बाजूने सांगितलं होतं, "दर शनिवारी रात्री साडेआठला कॉल लाव." म्हणजे कॉल तिच्या घड्याळाला बांधला गेला. हिवाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेदहा तास मागे असते, त्यामुळे तिचे शनिवार रात्रीचे साडेआठ म्हणजे पुण्यात रविवार सकाळचे बरोबर सात. 8 मार्चला पहाटे दोन वाजता अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे गेली आणि फरक साडेनऊ तासांचा झाला. ताईचे साडेआठ तसेच राहिले, पुण्यातले सात मात्र सहा झाले. 8 तारखेचा कॉल वेळेवर झाला, कारण त्या वेळी तिच्याकडे अजून 7 मार्चची रात्र होती. म्हणून घोळ आठवडाभर उशिरा दिसला आणि कारण पटकन सुचलं नाही.

तेव्हा पहिला प्रश्न हा, की कुणाची वेळ हलवायची नाही? आम्ही आईची धरली. भारतात घड्याळं बदलत नाहीत आणि तिचा दिवस ठरलेला असतो. पण याची किंमत बाकीच्यांना आधी सांगायला हवी. ताईला मार्च ते नोव्हेंबर रात्री साडेनऊला बसावं लागतं. दादाकडे दुपारचे साडेबारा असायचे, ते 5 एप्रिलपासून साडेअकरा झाले, कारण तिथे तेव्हा शरद ऋतू असतो आणि घड्याळ मागे जातं. ताईकडे लहान मूल असतं तर आम्ही उलटं केलं असतं आणि आईला सहाचा गजर लावून दिला असता. दोघींच्याही वेळा वर्षभर तशाच राहणं शक्य नाही. लंडनचं कोणी असेल तर तिथली तारीख आणखी वेगळी आहे, 29 मार्च.

आता आमची सूचना अशी असते:

```
दर रविवारी सकाळी 7:00, Asia/Kolkata प्रमाणे.
ताई: America/New_York, दादा: Australia/Melbourne
पुढच्या 8 कॉलची तारीख, वार, वेळ तिघांसाठी दाखव.
```

शहराची नावं मुद्दाम आहेत. IST लिहिलं तर ते इस्राएलचं किंवा आयर्लंडचंही असू शकतं. EST ही न्यू जर्सीची फक्त हिवाळ्यातली वेळ आहे. उन्हाळ्यात तेच लिहिलं तर पुन्हा एका तासाची चूक. शेवटची ओळ सर्वांत उपयोगी. आठ कॉलची यादी मार्चच्या सुरुवातीला किंवा ऑक्टोबरमध्ये मागवली, की कुठल्या आठवड्यात कुणाची वेळ सरकते ते आधीच दिसतं.

बिघाड झालाच तर तो किती तासांचा आहे ते बघा. एक तास असेल तर कॉल भलत्या घड्याळाला बांधलाय. साडेनऊ किंवा साडेदहा तास असेल तर कुणाच्या तरी नावापुढे चुकीचं शहर आहे. आमच्याकडे आई सहा महिने ताईकडे राहून परतली तेव्हा हेच झालं होतं. अर्धा तास चुकला तर बहुधा कुणीतरी भारताचा फरक साडेपाचऐवजी पाच किंवा सहा तास भरलाय. आणि दुरुस्ती करताना फक्त त्या रविवारचा कॉल हलवू नका, पुढच्या आठवड्यात तो परत जुन्याच वेळेला येईल. सगळी मालिका काढून नव्याने लावा.

पूर्ण दिवस चुकला, तर मात्र आपली भाषा तपासा. "शनिवारी रात्री दीड वाजता" म्हणताना आपल्या मनात शनिवार मावळल्यानंतरची रात्र असते. कॅलेंडरमध्ये तो रविवार असतो. असिस्टंटने शब्दशः घेतलं तर कॉल चोवीस तास आधी, शुक्रवारच्या रात्री लागतो. "उद्या" म्हटलं तर कुणाचा उद्या हे त्याला कळायला मार्ग नाही, आणि "परवा" तर मागचाही असतो नि पुढचाही. "पावणेआठ", "अडीच" हे शब्द बोलून सांगितले असतील तर उत्तरात 7:45 आणि 2:30 आलेत का, हे डोळ्यांनी बघून मगच मान्य करा. आम्ही आता तारीख, वार आणि आकड्यातली वेळ, तिन्ही लिहितो. आईसाठी फ्रिजवरच्या कालनिर्णयात ताईकडची वेळ बदलते ते दोन रविवार लाल पेनाने गोल केले आहेत: 15 मार्च आणि 8 नोव्हेंबर.