पार्सलच्या लेबलवरचा नंबर आणि पत्ता: ऑर्डरपासून रद्दीपर्यंत कसा जपावा

ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचा खोका फोडला की वस्तू घरात जाते आणि खोका दाराबाहेर. त्यावरच्या चिकट लेबलावर मात्र पूर्ण नाव, मजल्यासकट पत्ता आणि पुष्कळदा मोबाइल नंबर, वस्तूचं नाव व रक्कमही असते. "तुमची अमुक वस्तू, इतक्या रकमेची, परतावा द्यायचा आहे" असा खात्रीशीर वाटणारा फोन करायला फसवणाऱ्याला एवढं पुरतं. म्हणून काम दोन टोकांनी करायचं: लेबलावर मुळात कमी छापलं जाईल असं पाहायचं आणि जे छापलं गेलं ते नीट नष्ट करायचं. मधे येतो डिलिव्हरीवाल्याचा फोन.

पहिली पायरी: पत्त्याचा फॉर्म लेबल समजून भरा

ऑर्डर देताना पत्त्याच्या रकान्यांत जे लिहाल ते बहुतेक वेळा जसंच्या तसं छापलं जातं. गोदामातला माणूस ते तपासत किंवा गाळत बसत नाही. त्यामुळे खरी काळजी इथेच घ्यायची.

एक नेहमी दिसणारा पत्ता घ्या. नावाच्या रकान्यात पूर्ण तिहेरी नाव. पहिल्या ओळीत फ्लॅट आणि इमारत. दुसऱ्या ओळीत "दुसरा मजला, लिफ्टसमोर, फोन लागला नाही तर या नंबरवर करा" आणि पुढे घरच्यांचा दुसरा नंबर. खुणेच्या रकान्यात "दुपारी घरी कुणी नसतं, किल्ली शेजारी" किंवा फाटकाचा कोड. हे सगळं खोक्यावर छापून निघतं आणि गोदाम, ट्रक, वाटप केंद्र असं करत कित्येक हातांतून जातं. घर कधी रिकामं असतं हेही त्यात आलंच.

तोच पत्ता असा करा. नावात आद्याक्षर आणि आडनाव. पहिल्या ओळीत फ्लॅट आणि इमारत. दुसऱ्या ओळीत रस्ता आणि परिसर. खुणेच्या रकान्यात सगळ्यांना दिसणारी खूण, म्हणजे शाळा, बँक, चौक. दुसरा नंबर नाही, कोड नाही, वेळ नाही. पार्सल तितकंच बिनचूक पोचतं. ओळखपत्र पाहून दिली जाणारी वस्तू असेल तेव्हा मात्र ओळखपत्रावरचंच नाव द्या, नाहीतर पार्सल परत जाईल.

फाटकाचा कोड किंवा "रखवालदाराकडे ठेवा" अशी सूचना द्यायचीच असेल तर अॅपमधल्या डिलिव्हरी सूचनांच्या वेगळ्या रकान्यात द्या. ती सहसा वाटप करणाऱ्याच्या फोनवर दिसते, खोक्यावर येत नाही. पुढच्या पार्सलाचं लेबल वाचून एकदा खात्री करून घ्या, कारण काही विक्रेत्यांकडे हा मजकूरही पत्त्याखाली छापला जातो.

इथेच एक छोटी युक्ती करता येते. प्रत्येक विक्रेत्याला पत्ता देताना फ्लॅट नंबरला एक निराळं अक्षर जोडा: एकाकडे "१०४-क", दुसऱ्याकडे "१०४-न". पार्सल येण्यात त्यानं अडत नाही. पुढे न मागवलेलं पार्सल किंवा जाहिरातीचं पाकीट "१०४-न" अशा पत्त्यावर आलं, तर कोणत्या ऑर्डरमधून पत्ता बाहेर गेला ते कळतं. त्या वाटेवरच्या नेमक्या कोणाकडून गेला, विक्रेत्याकडून की वाहतूक कंपनीकडून, हे मात्र यातून कळत नाही. कुणावर आरोप करण्याआधी ही मर्यादा लक्षात ठेवा.

जिथे पार्सल लॉकर किंवा दुकानातून उचलण्याची सोय आहे, तिथे ती निवडली की घराचा पत्ता लेबलवर येतच नाही. फक्त बिलाच्या पत्त्याचा रकाना वेगळा असतो. त्यात घरचा पत्ता असेल तर तो आतल्या बिलावर छापला जातो.

दुसरी पायरी: डिलिव्हरीवाल्याचा फोन

बऱ्याच मोठ्या सेवांमध्ये वाटप करणाऱ्याला तुमचा खरा नंबर दिसत नाही. तो अॅपमधून फोन लावतो, कंपनीचा मधला नंबर दोघांना जोडतो आणि डिलिव्हरीनंतर तो दुवा बंद होतो. ही आड आपणच मोडतो, आणि ती बहुतेक वेळा "जरा लोकेशन टाका" या एका वाक्यावर मोडते. व्हॉट्सअॅपवर लोकेशन पाठवलं की खरा नंबर, प्रोफाइलचा फोटो आणि नाव असं सगळं एका माणसाच्या खासगी फोनमध्ये जाऊन बसतं. माणूस भला असला तरी त्याच्या फोनमध्ये ते वर्षानुवर्षं राहतं.

त्याऐवजी रस्ता तोंडी सांगा किंवा ज्या अॅपवरून ऑर्डर दिली त्याच्याच चॅटमध्ये लिहा. नकाशावरची पिन आधीच नीट लावलेली असेल तर ही वेळ सहसा येत नाही. पिन इमारतीच्या फाटकावर लावा, फ्लॅटच्या खिडकीवर नको. व्हॉट्सअॅप वापरण्यावाचून इलाजच नसेल तर आधी हे करून ठेवा:

```
Settings > Privacy > Profile photo > My contacts
```

यानंतर तुमच्या संपर्कयादीत नसलेल्याला फोटो दिसत नाही. वाटप करणाऱ्याचा नंबर मात्र यादीत जतन करू नका, नाहीतर ही सेटिंग त्याच्यापुरती निरुपयोगी ठरते.

लेबलवरची माहिती वापरून येणारा फोन ओळखण्याची एक ठळक खूण आहे. खऱ्या डिलिव्हरीसाठी तुम्हाला कुठलाही कोड डायल करावा लागत नाही. "पार्सल अडकलंय, पत्ता पक्का करायला ताऱ्याने सुरू होणारा हा कोड आणि पुढे हा नंबर दाबा" असं कुणी सांगितलं, तर तुमचे फोन दुसऱ्याच्या नंबरवर वळवण्याचा तो प्रयत्न आहे. एकदा फोन वळले की आवाजी फोनवरून सांगितले जाणारे ओटीपीही तिकडेच जातात. असं काही दाबलं गेलं असेल तर पहिल्या कोडने सगळे फोन वळवले आहेत का ते बघा आणि दुसऱ्याने वळवणं पूर्ण बंद करा:

```
*#21#
##002#
```

हे जीएसएम जाळ्यांचे प्रमाणित कोड आहेत. ते चालले नाहीत तर फोनच्या कॉल सेटिंगमध्ये किंवा सिम कंपनीच्या मदत क्रमांकावरून तेच करता येतं. दुसऱ्या कोडने व्हॉइसमेलकडे वळवलेले फोनही बंद होतात. व्हॉइसमेल वापरत असाल तर ते नंतर पुन्हा सुरू करा.

डिलिव्हरीचा ओटीपी वस्तू हातात आल्यावर, समोरासमोर सांगायचा. सांगण्याआधी त्या संदेशातला सगळा मजकूर वाचा. बँकेचा किंवा व्हॉट्सअॅप नोंदणीचा ओटीपीही तितक्याच आकड्यांचा असू शकतो.

तिसरी पायरी: विक्रेता

खोक्यात रंगीत कार्ड निघतं: पाच ताऱ्यांचा अभिप्राय लिहा, त्याचा स्क्रीनशॉट या नंबरवर पाठवा, पैसे परत मिळवा. विक्रेत्याकडे तोवर फक्त ऑर्डर असते. तुम्ही स्क्रीनशॉट पाठवला की ऑर्डर, खरा नंबर आणि पैसे घेण्याचं खातं या तिन्ही गोष्टी तुम्ही स्वतःच एकत्र जोडून देता. अशी कार्डं फाडून टाका आणि त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करू नका.

समाजमाध्यमावरून थेट विकणाऱ्याला पत्ता पाठवायचा तर भाव आणि वस्तू पक्की झाल्यावरच पाठवा, आणि चॅटमध्ये आपोआप पुसल्या जाणाऱ्या संदेशांची सोय आधी सुरू करा. पत्त्याऐवजी ओळखपत्राचा फोटो मागितला तर देऊ नका. पार्सल पाठवायला तो लागत नाही.

चौथी पायरी: लेबल नष्ट करणे

आधी लेबलचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा. वस्तू परत करायची मुदत संपेपर्यंत तो लागू शकतो. मग लेबल कोणत्या जातीचं आहे ते ओळखा. मजकुरापासून दूर, कोऱ्या जागी नखानं जोरात ओरखडा काढा. काळसर रेघ उमटली तर तो उष्णतेने काळा होणारा थर्मल कागद. रेघ उमटली नाही तर छपाई बहुधा रिबिनीच्या शाईने किंवा साध्या प्रिंटरवर झाली आहे.

थर्मल लेबलावर सगळ्यात सोपा उपाय उष्णतेचाच. स्टीलच्या सपाट बुडाच्या भांड्यात उकळतं पाणी ओता आणि ते भांडं लेबलावर टेकवून हळूहळू सरकवा. कागदावरचं रसायन तापून सगळी जागा काळी पडते आणि अक्षरं त्यातच बुडतात. कुठे करडे ठिपके राहिले तर तिथे भांडं पुन्हा टेकवा. हे फक्त पुठ्ठ्याच्या खोक्यावर करा. प्लास्टिकच्या पिशवीवर इस्त्री किंवा तापलेलं भांडं ठेवलं तर पिशवी वितळून चिकटते.

रिबिनीच्या छपाईवर उष्णतेचा उपयोग नाही. तिथे, आणि सगळ्या प्लास्टिक पिशव्यांवर, कात्री घ्या. नंबर आडव्या ओळीत छापलेला असतो. आडवं फाडलं तर तो अख्खा राहतो, म्हणून उभं कापा, म्हणजे आकडे वेगवेगळ्या तुकड्यांत जातील. तुकडे ओल्या कचऱ्यात मिसळू नका. दोन वेगळ्या दिवशी कोरड्या कचऱ्यात टाका.

काळ्या मार्करवर विसंबू नका. मार्करची शाई पातळ बसते आणि तिरप्या उजेडात धरलं की खालची छपाई वाचता येते. लेबलवर पारदर्शक चिकटपट्टी असेल तर शाई पट्टीवरच राहते, सॅनिटायझरच्या बोळ्याने पुसली जाते आणि खालचा मजकूर कोरा करकरीत समोर येतो. मार्करच वापरायचा असेल तर आधी पट्टी सोलून काढा.

बारकोड आणि चौकोनी कोडही सोडू नका. साध्या उभ्या रेघांच्या बारकोडात बहुधा पार्सलचा माग काढायचा क्रमांक असतो. तो वाहतूक कंपनीच्या पानावर टाकला की गाव, वेळ आणि कधीकधी दाराचा फोटोही दिसतो. चौकोनी कोडात याहून जास्त माहिती मावते, काहींत पत्ताही असतो.

शेवटी खोका उलटापालटा करून बघा. बाजूला प्लास्टिकच्या खिशात घडी केलेलं बिल असतं, वरच्या लेबलखाली जुनं लेबल दबलेलं असतं आणि आत परतीची चिठ्ठी असते. वस्तू परत पाठवताना तोच खोका वापरत असाल तर जुना बारकोड झाका किंवा काढा, नाहीतर यंत्र तोच वाचून पार्सल पुन्हा तुमच्याच दारात आणून सोडेल. परतीच्या लेबलवर "पाठवणार" म्हणून तुमचाच पत्ता छापलेला असतो. तो बदलता येत नसला तरी त्याखाली हाताने मोबाइल नंबर लिहायची गरज नसते. काउंटरवरच्या माणसाने मागितला तर तो त्याच्या यंत्रात टाकून घ्या, खोक्यावर नको.