मराठी एसएमएसचा खर्च तिप्पट का निघतो

नोटिफिकेशनचं महिन्याचं बजेट मांडताना एसएमएस मोजू नका, सेगमेंट मोजा, म्हणजे एसएमएसचे ज्यांवर पैसे लागतात ते तुकडे. साध्या इंग्रजी मजकुरात एका सेगमेंटला 160 अक्षरं मिळतात. देवनागरीत फक्त 70, आणि मेसेज लांबला की प्रत्येक सेगमेंटला 67. त्यात काना-मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात: ‘क्षि’ म्हणजे चार.

समजा 5,000 ग्राहक, प्रत्येकी महिन्याला 4 मेसेज, दर सेगमेंटला 20 पैसे. मेसेज 150 अक्षरांचा असेल तर 3 सेगमेंट, म्हणजे 60,000 सेगमेंट आणि 12,000 रुपये, वर जीएसटी. तोच 134 अक्षरांत बसवला तर 8,000. मोजताना टेम्प्लेटमध्ये सर्वांत लांब नाव घाला, नाहीतर एखादे ‘लक्ष्मीनारायण’ हिशोब बिघडवतात. इंग्रजी मेसेजमध्ये ₹ टाकलंत तरी अख्खा मेसेज 70 च्या मर्यादेत येतो. तिथे Rs लिहा.

व्हॉट्सॲपचा जुना संभाषणानुसार हिशोब 1 जुलै 2025 पासून गेला, आता पोचलेल्या टेम्प्लेटमागे पैसे लागतात. पण ग्राहकाने लिहिल्यापासून 24 तासांत पाठवलेला युटिलिटी टेम्प्लेट फुकट, म्हणून तेवढे वजा करा. फायरबेसवरून पुश पाठवायला पैसे पडत नाहीत. जे पुश पोचत नाहीत, त्यांच्या बदली जाणारे एसएमएस मात्र वरच्या हिशोबात धरा.