दीड सुताचा फरक: मलमलच्या फ्रॉकवरचं पहिलं स्मॉकिंग

भाचीच्या पहिल्या वाढदिवसासाठी मी पांढऱ्या मलमलचा फ्रॉक करायला घेतला, तेव्हा शिवणकामाचा कोर्स करून मला वर्ष झालं होतं. कोर्समध्ये केंब्रिकच्या तुकड्यावर स्मॉकिंगचा, म्हणजे बारीक चुण्यांवरच्या भरतकामाचा, नमुना केला होता, वहीला टाचलाही होता. तीच मापं मलमलवर घेतली आणि सगळं बिनसलं. चुण्या उभ्याच राहीनात. ओल्या गवतासारख्या एका बाजूला कलायच्या, आणि त्यांच्यावर घातलेली टाक्यांची सरळ ओळ लाटेसारखी दिसायची. तीन ओळी भरून झाल्यावर मी त्या उसवल्या आणि कापड घेऊन क्लासच्या बाईंकडे गेले.

बाईंनी भरतकामाकडे पाहिलंच नाही. कापड उलटं करून ठिपक्यांवर पट्टी ठेवली आणि म्हणाल्या, "अगं, हे माप केंब्रिकचं आहे. मलमलला ठिपके दोन सुतांवर घेतलेस, मग चुणी उभी राहील कशी?" इंचाचे आठ सूत असतात.

आपल्याकडे उशीच्या अभ्र्यांवर चौकटी आखून, दोन-दोन ठिपके टाक्याने जवळ ओढून जी जाळीची नक्षी करतात, तिलाही स्मॉकिंगच म्हणतात. मी सांगते आहे ते वेगळं. इंग्लंडमधले शेतमजूर अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जे घोळदार झगे घालत, त्यावरची ही पद्धत. यात आधी धावदोऱ्याच्या ओळी ओढून कापडाच्या बारीक चुण्या करायच्या आणि मग त्या चुण्यांच्या माथ्यावर भरायचं. म्हणून कापड इलॅस्टिकशिवाय ताणतं आणि परत जागेवर येतं. बाळाच्या छातीवर ते सैलही बसत नाही, काचतही नाही.

चुणीची खोली कशावर ठरते, हे आधी डोक्यात बसलं पाहिजे. कापडाच्या उलट्या बाजूला ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यावर सुईने दोन-तीन धागे उचलायचे आणि पुढच्या ठिपक्यापर्यंत दोरा कापडावरून मोकळा न्यायचा. दोरा ओढला की ठिपके एकमेकांजवळ येतात आणि मधलं कापड सुलट्या बाजूला घडी होऊन उभं राहतं. म्हणजे दोन ठिपक्यांमधल्या अंतरातच त्या घडीचा चढही येतो आणि उतारही. अंतर दोन सूत असेल तर चुणी एक सूत खोल, दीड सूत असेल तर पाऊण सूत. (टेपवरच्या पाव इंचाच्या खुणेला दोन सूत मोजा.)

मला वाटायचं, कापड पातळ आहे तर चुण्या खोल घ्याव्यात, म्हणजे भरीव दिसतील. होतं उलटं. पातळ, मऊ कापडाची उंच घडी स्वतःचं वजन पेलत नाही आणि वाकते. तिला उभं ठेवतात ते शेजारच्या चुण्यांचे खांदे. म्हणून मलमलला चुण्या उथळ हव्यात, जवळजवळ हव्यात आणि संख्येने जास्त हव्यात.

बाईंनी माझ्याकडून दोन पट्ट्या करून घेतल्या. दोन्ही सहा इंच रुंद, दोन्हींवर धावदोऱ्याच्या तीन-तीन ओळी. पहिलीवर ठिपके दोन सुतांवर, म्हणजे २४ चुण्या. दुसरीवर दीड सुतावर, म्हणजे ३२. मग दोरे ओढायला सांगितले, चुण्या एकमेकींना टेकतील पण दोघींमधून सुई अडकल्याशिवाय जाईल इतपतच. पहिली पट्टी दीड इंचावर आली, दुसरी दोन इंचांवर. भागाकार केल्यावर दोन्हीकडे एकच उत्तर निघालं: एक चुणी अर्धा सूत जागा घेते. त्या मलमलच्या चुणीची जाडी तेवढीच होती, ठिपके कुठेही घ्या. माझ्या वहीतल्या केंब्रिकच्या नमुन्यात एका इंचात बाराच चुण्या बसल्या होत्या. मलमलच्या सोळा बसत होत्या.

तिथून हिशेब सोपा झाला. मला पुढच्या भागाला तयार १० इंच स्मॉकिंग हवं होतं. दहा इंचांत सोळाप्रमाणे १६० चुण्या. ठिपके दोन सुतांवर घेतले तर कापड लागतं ४० इंच, म्हणजे चौपट. माझ्या मलमलचा पन्हा होता ३६. मी आधी काय केलं होतं, तर ३० इंचांच्या १२० चुण्या दहा इंचांत पसरवल्या होत्या. प्रत्येकीला आडवं व्हायला जागा मिळाली आणि त्या झाल्या. दीड सुताने १६० चुण्यांना बरोबर ३० इंच लागतात, तिप्पट. उरलेले तीन-तीन इंच दोन्ही बाजूंना मुंढ्याला आणि शिलाईला.

पुस्तकात 'तिप्पट कापड घ्या' असं लिहिलेलं असतं. ते खरं आहे, पण ठिपक्यांचं अंतर कापडाला जुळलं असेल तरच. म्हणून कापड कुठलंही असो, सहा इंचांची पट्टी आधी करा. अर्धा तास जातो. मी आजही करते, कारण दुकानात मलमल म्हणून मिळणारी दोन थानंसुद्धा सारखी नसतात.

अंतर कमी करण्यालाही मर्यादा आहे. टाका चुणीच्या वरच्या एक तृतीयांश भागातच घ्यायचा असतो. खालचा भाग मोकळा राहतो म्हणून कापड ताणतं. चुणी अर्ध्या सुताहून उथळ झाली की सुई तळाशी पोचते आणि धावदोऱ्यातच घुसते. हे शेवटी कळतं: धावदोरा ओढायला जावं तर तो निघत नाही, आणि छातीची पट्टी पुठ्ठ्यासारखी ताठ होते.

आता ओळींची तयारी. कापड आधी धुऊन घ्या, कारण मलमलला गिरणीची खळ असते आणि ते आटतंही. वाळल्यावर घरची पातळ खळ द्या, भाताची पेज गाळून पाणी घातलेली चालते. खळ दिलेल्या मलमलवर ठिपका पसरत नाही आणि चुणीला कणा येतो. कड कात्रीने अंदाजे कापू नका. आडवा एक धागा ओढून काढा आणि त्या रेघेवर कापा. पहिली ओळ या कडेला समांतर असते. ती तिरकी गेली तर सगळ्या चुण्या पिळवटलेल्या येतात आणि मग कितीही ओढून त्या सरळ होत नाहीत.

ठिपक्यांसाठी पातळ कापडाचा एक फायदा आहे, खालचं दिसतं. मी एका पांढऱ्या कार्डशीटवर काळ्या शाईने ठिपके आखून ठेवले आहेत, आडवे दीड सुतावर आणि ओळी एकमेकींपासून तीन सुतांवर. त्यावर कापड उलटं पसरून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावायची आणि टोकदार, कडक पेन्सिलीने नुसतं टेकवायचं. भरतकामाचा खाका नीळ-रॉकेलने उतरवतात तसा मलमलवर उतरवू नका, डाग फुटतो. पाण्याने जाणारं मार्किंग पेन वापरलंत तर धुण्याआधी इस्त्री टेकवू नका. उष्णतेने ती खूण पक्की होऊन बसू शकते.

ठिपके ओळीत असणं जितकं महत्त्वाचं, तितकंच ते वरून खाली एकाखाली एक असणं. चुणी उभी धावते. चौथ्या ओळीतला एक ठिपका अर्धा सूत सरकला की ती चुणी तिथे गुडघ्यात वाकल्यासारखी दिसते.

फ्रॉकला मी भरायच्या आठ ओळी धरल्या आणि वर एक, खाली एक अशा दोन जास्त ओवल्या. त्या दोन ओळींवर भरायचं नाही. वरची शिलाईपर्यंत चुण्या धरून ठेवते, खालची असली तर शेवटच्या ओळीच्या चुण्या फाकत नाहीत. दोरा पॉलिएस्टरचा घ्या, तो शेवटी सहज निघतो. रंग कापडाहून वेगळा पण फिका असू दे. लाल किंवा गडद निळा दोरा वाफेत रंग सोडतो, आणि पांढऱ्या मलमलवरून तो जात नाही. प्रत्येक ओळीला अखंड दोरा हवा, कापडाच्या रुंदीहून वीतभर जास्त. मध्ये गाठ मारून जोड दिला की ओढताना ती गाठ नेमकी अडकते. सुरुवातीला मोठी गाठ आणि तिच्यावर एक उलटा टाका घाला. नुसती गाठ मलमलच्या विणीतून आरपार निघून येते. सगळ्या ओळी एकाच बाजूने सुरू करा आणि दहाही पूर्ण होईपर्यंत एकही ओढू नका.

ओढताना दोन-दोन दोरे एकत्र धरून थोडं थोडं, वरून खाली जात. मी तयार मापापेक्षा इंचभर कमी, म्हणजे नऊ इंचांवर आणून दोन-दोन दोऱ्यांना एकत्र गाठ मारली, कारण धावदोरे काढल्यावर कापड थोडं पसरतं. मग कापड वर-खाली धरून दोन-तीनदा उभं ताणायचं. या ताणण्याने चुण्या पेटीच्या भात्यासारख्या एका रांगेत येतात. उलटं करून पाहा: ठिपक्यांच्या उभ्या रेघा सरळ आणि सारख्या अंतरावर दिसल्या तरच भरायला घ्या. एखादी चुणी दुप्पट जाड दिसली तर तिथे ठिपका सुटला आहे. तेवढीच ओळ काढून पुन्हा ओवा. मी एकदा तसंच पुढे भरलं होतं, आणि नक्षीची चुणीमोजणी ऐन मध्यावर चुकली.

टाक्यांबद्दल इथे थोडंच सांगते. मलमलला सहापदरी लडीतले दोनच पदर घ्या, तीन पदरांच्या भाराने उथळ चुणी दबते. सुई धावदोऱ्याला समांतर, आडवी धरा. पहिली ओळ केबल टाक्याची घट्ट ठेवा, ती गळ्याशी चुण्या धरते. खालच्या ओळींना लाटेचा टाका घ्या, तो छातीवर ताणतो. भरायला मध्यापासून घ्या, म्हणजे दोन्ही मुंढ्यांशी नक्षी सारखी संपते.

भरून झाल्यावर धावदोरे लगेच काढू नका. इस्त्रीच्या टेबलावर कापड उलटं ठेवून, दोऱ्यांच्या गाठी सोडून ते दहा इंचांवर टाचण्यांनी पसरा. इस्त्री बोटभर वर धरून नुसती वाफ द्या. टेकवलीत तर चुण्या चपट्या होतील. पूर्ण गार आणि कोरडं झाल्यावर एकेक दोरा सुरुवातीच्या गाठीच्या बाजूने ओढून काढा. सगळ्यात वरचा मात्र शिलाई होईपर्यंत राहू दे. मुंढ्याचा आकार त्यानंतर कागदी नमुना ठेवून आखा, आखलेल्या रेघेच्या आत मशिनची बारीक शिलाई मारा आणि मगच कात्री लावा, नाहीतर कापलेल्या कडेला टाके सुटत जातात.

दुसऱ्यांदा केलेला तो फ्रॉक भाची दीड वर्षाची होईपर्यंत घालत होती. छाती वाढली तशी चुण्या थोड्या उघडत गेल्या. आता तो माझ्याकडेच आहे. नवीन मुली शिकायला आल्या की मी तो उलटा करून त्यांच्या हातात देते. नीट पाहिलं तर काही घड्यांच्या तळाशी पेन्सिलीचे फिके ठिपके अजून दिसतात, दीड-दीड सुतावर.