जेवल्यावर घास परत तोंडात येतो, पण ते पित्त नसेल तर?

दोन पोळ्या, भाजी आणि वरण-भात खाऊन उठल्यावर दहाच मिनिटांत घास तोंडात येतो. मळमळ नाही, उमासा नाही, जोरही लावावा लागत नाही. चव आंबट नसते, वरण-भाताचीच असते; म्हणून काही जण तो घास पुन्हा चावून गिळतात, काही थुंकून टाकतात. तास-दोन तासांनी वर येणारे आंबट लागू लागले की हा प्रकार बहुधा थांबतो, आणि झोपेत तो होत नाही. या खुणा जुळत असतील तर रुमिनेशन सिंड्रोमची शंका घ्यावी.

याला रिफ्लक्स, म्हणजे जठरातले आम्ल वर येणे, समजून महिनोन्‌महिने ॲसिडिटीच्या गोळ्या घेतल्या जातात. गोळी आम्ल कमी करते, पण इथे अन्न वर ढकलते ती पोटाच्या भिंतीच्या स्नायूंची नकळत लागलेली आवळण्याची सवय. जठरातला दाब वाढतो आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेली झडप सैल पडते. हे कोणी मुद्दाम करत नाही, त्यामुळे घरच्यांनी रागावून उपयोग नाही.

ही सवय मोडायला पोटाने श्वास घेण्याचा सराव करावा लागतो. तो सुरू करण्याआधी पोटविकारतज्ज्ञांना दाखवा. वजन घटणे, गिळताना अडकणे, उलटीत रक्त, काळी शौच किंवा रात्री अन्न वर येणे यांपैकी काही असेल तर उशीर करू नका.

पहिले काही दिवस जेवणाच्या वेळा सोडून, उताणे पडून सराव करा. एक हात छातीवर, दुसरा बरगड्यांच्या खाली पोटावर ठेवा. नाकाने सावकाश श्वास घ्या. पोटावरचा हात वर यावा, छातीवरचा जवळजवळ हलू नये. मग त्याहून सावकाश सोडा. मिनिटाला सहा ते आठ श्वास पुरेत. पाच-दहा मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा. जमले की तेच खुर्चीत बसून करा.

खरे काम जेवणानंतरचे. शेवटचा घास गिळताच, काही वर येण्याची वाट न पाहता, कमरेचा पट्टा किंवा नाडी सैल करून सुरुवात करा आणि सुमारे पंधरा मिनिटे चालू ठेवा. पुढेही पोटात दाब जाणवला किंवा ढेकर येतोसे वाटले की लगेच त्याच श्वासावर या. पोट असे सैल फुगत असताना ते आवळता येत नाही, आणि खाली सरकणारे श्वासपटल झडपेला आधार देते.

बहुतेकांची चूक एकच: पोट जोर लावून बाहेर ढकलणे. त्यात तेच स्नायू ताठतात आणि घास उलट लवकर येतो. बोटांनी दाबून पाहा, पोट मऊ लागले पाहिजे. चक्कर आली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर श्वास फार जोरात किंवा भराभर होत आहेत. वेग कमी करा.

प्रत्येक जेवणानंतर घास किती वेळा आला ते वहीत लिहा. काही आठवड्यांत आकडा हलला नाही, तर बायोफीडबॅक, म्हणजे स्नायूंचे काम यंत्रावर पाहून ते आवरणे, शिकवणारे फिजिओथेरपिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. काहींना डॉक्टर बॅक्लोफेन हे औषध देतात, पण त्याने झोप येते. ते स्वतःहून घेऊ नये.